आईचे 2,100 रुपये आणि विनियोजन विधेयक

आजच्या भागात मी माझ्याच घरातली गोष्ट सांगणार आहे. विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण आमच्या घरी तो थेट शिलाई मशीनपर्यंत येऊन पोचला होता.

28 जून 2024. मी नुकतीच अकरावीत गेले होते. श्रीरामपूरला आमच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर एकच बातमी चालू होती. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत अर्थसंकल्पाच्या भाषणात लाडकी बहीण योजना जाहीर केली होती. महिन्याला 1,500 रुपये. आई ब्लाऊज शिवते, तिनं पाय थांबवून ऐकलं आणि मला म्हणाली, "अगं, म्हणजे पुढच्या महिन्यात जमा होणार का?"

मी म्हणाले, "मंत्र्यांनी सांगितलं ना, म्हणजे झालंच."

ओट्यावर आमच्या गल्लीतले काका बसले होते. आयुष्यभर कोषागारात नोकरी करून निवृत्त झालेले. ते हसले. "पोरी, कोषागारात पैसा बिलावर निघतो, भाषणावर नाही. मंजुरी कुठंय?"

मला राग आला. टीव्हीवर सगळं दाखवतायत आणि हे मंजुरी विचारतायत! पण दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याकडं गेलेच.

काकांनी आधी एक गोष्ट स्पष्ट केली. राज्याचा बहुतेक पैसा एकत्रित निधीत असतो. आपण भरलेला कर तिथंच जातो, सरकारनं काढलेलं कर्जही तिथंच. त्यातून एक रुपया काढायचा तरी विधिमंडळानं केलेला कायदा लागतो. मुख्यमंत्र्यांची सही पुरत नाही. योजनेचा शासन निर्णय 28 जूनलाच निघाला होता. पण शासन निर्णय फक्त योजना कशी चालेल, अर्ज कोणी करायचा, एवढं सांगतो. त्यानं तिजोरी उघडत नाही.

"मग तिजोरी कशानं उघडते?" मी विचारलं.

"विनियोजन विधेयकानं. लिहून घे."

मग त्यांनी एकेक पायरी सांगितली. अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा तो नुसता अंदाज असतो, इतके येतील आणि इतके जातील. त्यानंतर प्रत्येक खातं विधानसभेकडं आपली मागणी ठेवतं. शाळांसाठी इतके द्या, रस्त्यांसाठी इतके द्या. यांना अनुदानाच्या मागण्या म्हणतात. आमदार त्यावर बोलतात. एखाद्या खात्याचा कारभार पटला नाही तर कपात सूचना देतात, म्हणजे या मागणीतून नाममात्र शंभर रुपये कमी करा. शंभर रुपयांनी काय होतं? पैशाच्या दृष्टीनं काहीच नाही, पण त्या निमित्तानं मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. एक मर्यादा मात्र आहे. आमदार रक्कम कमी करायला सांगू शकतो, वाढवायला नाही.

मग मतदान. मागण्यांवर मत फक्त विधानसभा देते, विधान परिषद नाही. सगळ्या मागण्या मंजूर झाल्या की त्या एकाच विधेयकात गोळा करतात. हेच विनियोजन विधेयक. आता यात कुणालाही आकडा बदलायची दुरुस्ती मांडता येत नाही, कारण त्या आकड्यावर मतदान झालेलं असतं. मग ते परिषदेकडं जातं. परिषद शिफारस करू शकते, पण अडवू शकत नाही. 14 दिवसांत परत पाठवलं नाही तरी ते मंजूर झालं असंच धरतात. शेवटी राज्यपालांची सही होते, राजपत्रात छापून येतं, आणि मग तो कायदा होतो.

"आता खरी गंमत," काका म्हणाले. "त्या वर्षीचा पहिला अर्थसंकल्प फेब्रुवारीत आला होता, अंतरिम. लोकसभा निवडणूक तोंडावर होती म्हणून पहिल्या काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतलं होतं. तेव्हा ही योजना होती का?"

"नव्हती."

"मग तिचे पैसे त्या कागदांत कुठून येणार? आता पुरवणी मागण्यांकडं लक्ष ठेव."

मी ठेवलं. 9 जुलैला सरकारनं 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या, त्यातले 25,000 कोटी लाडकी बहीणसाठी. मोबाईलवर ती बातमी वाचून मी अक्षरशः पळत काकांकडं गेले. पुरवणीलाही तोच रस्ता लागतो, मागणी, मतदान, विनियोजन विधेयक, सही. अधिवेशन 12 जुलैला संपलं. ऑगस्टच्या मध्यात आईच्या खात्यात जुलै आणि ऑगस्टचे मिळून 3,000 रुपये आले. भाषणापासून जवळजवळ दीड महिन्यानं.

आता मशीनची गोष्ट.

विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात 1,500 चे 2,100 करू असं आश्वासन दिलं गेलं. आईनं मनात हिशोब मांडला. तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, हप्ता महिन्याला 2,000. "2,100 येणार, हप्ता परस्पर भागेल." दुकानदाराशी बोलणंही झालं होतं.

10 मार्च 2025 ला पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प आला. मी भाषण ऐकलं नाही. फक्त एक आकडा शोधला. योजनेसाठी तरतूद 36,000 कोटी.

वही काढली. महिन्याला 1,500 म्हणजे एका बाईला वर्षाला 18,000. 36,000 कोटींना 18,000 नं भागलं तर बरोबर 2 कोटी बायका. महिन्याला 2,100 धरले तर वर्षाला 25,200. मग तेवढ्याच पैशांत 1 कोटी 43 लाख बायकाच बसतात. आणि लाभ घेणाऱ्या तर 2 कोटींहून जास्त होत्या. म्हणजे 1,500 लाच पैसे ताणून बसत होते, 2,100 त्यात नव्हतेच.

मी आईला वही दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण ते पुढं वाढवतील की."

"वाढवू शकतात. पण त्यासाठी आधी पुरवणी मागणी यावी लागेल. ती आली की मी सांगते. तोवर 1,500 धरूनच चल."

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विनियोजन कायद्यातली रक्कम ही परवानगी असते, सक्ती नसते. सरकार त्याच्यावर खर्च करू शकत नाही, पण कमी करू शकतं. म्हणून मंजूर आकडा बघून सुद्धा पूर्ण हमी धरायची नाही. तरतूद नसेल तर मात्र पैसे येणार नाहीत, एवढं नक्की कळतं.

आईनं नवं मशीन घेतलं नाही. नेवासा रोडला एका ओळखीच्या बाईकडून जुनं घेतलं, रोख देऊन. त्याचा थोडा जास्त आवाज येतो. आत्ता रेकॉर्डिंगमध्ये मागं खडखड ऐकू येत असेल, तर ते तेच मशीन आहे.

तर पुढच्या वेळी एखाद्या योजनेची घोषणा ऐकलीत, मग ती बस पासची असो नाहीतर स्कॉलरशिपची, तर तीन गोष्टी शोधा. मागणीत आकडा आहे का? विनियोजन विधेयक मंजूर झालं का? आणि तो आकडा माणसांच्या संख्येनं भागला तर एकाच्या वाट्याला किती येतात? भागाकार आपल्याला पाचवीपासून येतो.

तुमच्या घरी अशी कुठली घोषणा अडकली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. काकांना विचारून सांगते. भेटू पुढच्या भागात.