वाररेषेपलीकडची तारीख

पृथ्वीवर नवी तारीख कोठे सुरू होते हे ठरवण्यासाठी प्रशांत महासागरात साधारणपणे १८० अंश रेखावृत्ताच्या अनुरोधाने जी काल्पनिक रेषा मानली जाते, तिला आंतरराष्ट्रीय वाररेषा म्हणतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे आशिया किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाजूने अमेरिकेकडे जाताना ही रेषा ओलांडली की तारीख एका दिवसाने मागे येते आणि उलट प्रवासात ती एका दिवसाने पुढे जाते. ही रेषा सरळ नाही आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ती पक्की झालेली नाही. आपल्या भूमीवर कोणती तारीख पाळायची हे ज्या-त्या देशाचे सरकार ठरवते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी व्यवहार सोयीचे व्हावेत म्हणून सामोआ या द्वीपराष्ट्राने २०११ साली गुरुवार, २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार, ३१ डिसेंबर धरला, तर शेजारचा अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिला. त्यामुळे या दोन शेजाऱ्यांमधला विमानप्रवास तासाभराहून कमी असूनही त्यांच्या तारखांत एका दिवसाचे अंतर पडते.

प्रवाशाच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ न्यूझीलंडमधील ऑकलंड आणि हवाई बेटांवरील होनोलुलू यांच्यातील प्रवासावरून स्पष्ट होतो. जुलै महिन्यात ऑकलंडचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा १२ तास पुढे आणि होनोलुलूचे १० तास मागे असते, म्हणजे दोन्ही ठिकाणांत २२ तासांचे अंतर असते. समजा, विमान १० जुलैला रात्री ११ वाजता ऑकलंडहून निघाले आणि त्याला नऊ तास लागले, तर ते उतरेल तेव्हा ऑकलंडला ११ जुलैची सकाळी आठची वेळ असेल; परंतु त्यातून २२ तास वजा केल्यावर होनोलुलूला १० जुलैचेच सकाळचे दहा वाजलेले असतील. रात्र विमानात गेल्यामुळे दुसरी तारीख उजाडणार असे गृहीत धरून ज्याने हॉटेलची खोली ११ जुलैपासून घेतली असेल, त्याला पहिल्या रात्रीसाठी आयत्या वेळी खोली शोधावी लागते.

परतीच्या प्रवासात नेमकी उलट चूक होते, आणि ती अधिक महागात पडते. २० जुलैला दुपारी एक वाजता होनोलुलूहून निघालेले विमान नऊ तासांनी ऑकलंडला पोहोचते तेव्हा तेथे २१ जुलैचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. ऑकलंडमधील खोली २० तारखेपासून घेतली असेल, तर त्या रात्रीचे पैसे वाया जातातच, शिवाय पाहुणा पहिल्या रात्री आलाच नाही म्हणून पुढच्या रात्रींचेही आरक्षण रद्द करण्याचा नियम पुष्कळ हॉटेलांत असतो. बुकिंग विनाशुल्क रद्द करण्याची मुदतही सामान्यतः हॉटेलच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे चालते. होनोलुलूच्या हॉटेलने ९ जुलैच्या सायंकाळी सहापर्यंतची मुदत दिली असेल, तर ऑकलंडमध्ये ती १० जुलैला दुपारी चार वाजता संपते.

व्हिसाच्या बाबतीत दोन मुदती वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक मुदत देशात प्रवेश कधीपर्यंत करता येईल हे सांगते, तर दुसरी आत आल्यावर किती दिवस राहता येईल हे सांगते, आणि दोन्ही मुदती त्या-त्या देशातील स्थानिक तारखेने मोजल्या जातात. वरच्याच उदाहरणातील प्रवाशाला अमेरिकेत २० जुलैपर्यंत राहण्याची परवानगी असेल, तर दुपारी एकच्या विमानाने तो मुदतीतच बाहेर पडतो, जरी त्या क्षणी ऑकलंडला २१ तारीख लागलेली असली तरी. मात्र न्यूझीलंडच्या व्हिसावर प्रवेशाची अखेरची तारीख २० जुलै असेल, तर त्याच विमानाने तो एक दिवस उशिरा पोहोचतो. न्यूझीलंडला जाणाऱ्या प्रवाशाची पात्रता विमानात बसवण्यापूर्वीच तपासली जात असल्याने ही अडचण बहुधा होनोलुलूच्या विमानतळावरच उभी राहते, आणि तेथे ती सुटण्याजोगी नसते.

म्हणून प्रवाशांनी प्रवासाला किती तास लागतात यावरून तारीख काढू नये. विमानाच्या तिकिटावरील निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची असते, आणि पोहोचण्याच्या वेळेशेजारी छापलेली +1 किंवा -1 ही खूण तारीख एक दिवस पुढची की मागची हे दाखवते. खूण नसेल, तर निघण्याचीच तारीख धरावी. या पोहोचण्याच्या तारखेपासून हॉटेलच्या रात्री मोजाव्यात आणि प्रवेशाच्या व्हिसाची अखेरची तारीखही तिच्याशीच ताडून पाहावी. निघण्याची तारीख केवळ मागे सोडलेल्या देशातील मुक्कामाची मुदत तपासण्यासाठी वापरावी.