सुट्टी मागताना तारखांचा कागद समोर ठेवा

आज सुट्टीबद्दल बोलूया. म्हणजे डिलिव्हरी तोंडावर असताना टीममधल्या माणसासाठी सुट्टी कशी मिळवायची, याबद्दल.

आमचं प्रोजेक्ट सहा महिन्यांचं, पगाराच्या सॉफ्टवेअरचं. नवीन आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे तारीख हलणं शक्यच नव्हतं. जानेवारीत आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "दादा, १८ मार्चला बहिणीचं लग्न आहे. ९ ते २१ सुट्टी मिळेल का?" टीडीएसचं मॉड्यूल एकट्या त्याच्याकडे. मी लीड, म्हणजे मॅनेजरांकडे शब्द टाकायचा माझ्यावर.

मी आधी कॅलेंडर उघडलं. १३ मार्चला कोड फ्रीझ, १६ पासून क्लायंटची यूएटी. यूएटीचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त बग येतात, आणि नेमकं तेव्हाच लग्न! पण विचार केला तर खरी अडचण सुट्टीची नव्हतीच. ते मॉड्यूल दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं, ही अडचण होती. तो उद्या तापाने आडवा झाला असता, तरी आम्ही अडकलोच असतो.

मग त्याला विचारलं, लग्नात तुझ्यावाचून अडणारे दिवस कुठले? तो म्हणाला, १५ ते १९. तेव्हा आम्ही १४ ते २१ ठरवलं. फ्रीझपर्यंत तो इथेच राहणार होता.

मॅनेजरांना मी "सर, सुट्टी द्या ना" म्हटलं नाही. एक पानाचा मेल केला: सुट्टीच्या तारखा, त्या काळात बग कोण बघणार, आणि हँडओव्हर फेब्रुवारीत कधी. ते म्हणाले, "लॅपटॉप घेऊन जाऊ दे की." इथे मी अडून बसलो. लॅपटॉप सोबत असला की त्याची सुट्टी होत नाही, आणि आपण हँडओव्हर अर्धवट सोडतो. शेवटी ठरलं, १६ आणि १७ला संध्याकाळी अर्धा तास फोन. लग्नाच्या दिवशी काहीच नाही.

हँडओव्हर झाला हे ओळखायचं कसं? डॉक्युमेंट लिहून झालं म्हणजे झाला, असं नाही. फेब्रुवारीत त्याच्या मॉड्यूलमधले दोन बग मी सोडवले, तो नुसता शेजारी बसला. पहिल्याला दीड दिवस लागला, कारण वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्या माणसाचा आधीचा पगार कुठे धरला जातो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहून घेतलं. दुसरा तीन तासांत सुटला. तेव्हा मला धीर आला.

यूएटीत त्या मॉड्यूलचे पाच बग आले. चार मी केले, एक फोनवर विचारून. रिलीज वेळेत गेलं.

एक सांगतो, हे जमलं कारण त्याने जानेवारीत सांगितलं. मार्चमध्ये विचारलं असतं, तर माझ्याकडे द्यायला फेब्रुवारीच उरला नसता. म्हणून घरात तारीख पक्की झाली की पत्रिका छापायची वाट बघू नका, लीडला सांगून टाका. चला, भेटू पुढच्या भागात!