‘काइंडली’ काढा, क्रियापद शोधा

आज बोलूया कोल्ड ईमेलबद्दल, म्हणजे अनोळखी माणसाला इंग्रजीत पाठवलेल्या पहिल्या मेलबद्दल.

नाशिकला माझ्या मित्राची तीन जणांची कंपनी आहे. गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवणारं ॲप बनवतात. त्यांना जर्मनीतल्या गोदामवाल्यांना मेल पाठवायचा होता. म्हणजे बघा, इंग्रजी लिहिणाऱ्याचीही दुसरी भाषा आणि वाचणाऱ्याचीही. पाठवण्याआधी त्याने तो मला तपासायला दिला.

मधलं एक वाक्य ऐका: ‘वुई वुड लाइक टू रिक्वेस्ट यू टू काइंडली प्रोव्हाइड ॲन ऑपॉर्च्युनिटी फॉर द डेमॉन्स्ट्रेशन ऑफ अवर इन्व्हेंटरी ॲप्लिकेशन.’ व्याकरण बरोबर आहे. पण हे खरं तर आपलं ‘संधी उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती’ आहे, इंग्रजी कपडे घातलेलं!

आता हे मोजूया. फ्लेश-किनकेड नावाचं सूत्र अमेरिकन नौदलासाठी 1975 मध्ये तयार झालं. मजकूर अमेरिकेतल्या कितव्या इयत्तेच्या पातळीचा आहे, ते सांगतं:

```
0.39 * (words / sentences) + 11.8 * (syllables / words) - 15.59
```

वरच्या वाक्यात 18 शब्द आणि 34 उच्चारखंड. उत्तर येतं 13.7, म्हणजे कॉलेजची पातळी. का? एक तर वाक्य लांब. आणि ‘दाखवणं’ हे साधं क्रियापद ‘डेमॉन्स्ट्रेशन’ या नामात लपलंय.

म्हणून माझे दोनच नियम. एका वाक्यात एकच गोष्ट, शक्यतो 15 शब्दांच्या आत. आणि ‘-शन’ने संपणारं नाम दिसलं की त्यातलं क्रियापद बाहेर काढायचं.

नवं रूप: ‘कॅन आय शो यू अवर इन्व्हेंटरी ॲप धिस वीक? द डेमो टेक्स टेन मिनिट्स.’ वाक्यं दोन, शब्द 14, उच्चारखंड 19. उत्तर 3.2. वाचणाऱ्याला कळतं की काय हवंय, कधी आणि किती वेळ लागेल. ‘काइंडली’ गेलं, पण प्रश्न विचारलाय, त्यामुळे उद्धट वाटत नाही.

‘इन्व्हेंटरी’ मात्र मी ठेवला. चार उच्चारखंडांचा शब्द आहे, पण गोदामवाल्याचा रोजचा आहे. सूत्राला हे कळत नाही.

त्याला अर्थही कळत नाही. शब्दांची उलटापालट करा, आकडा तोच राहील. ‘डू द नीडफुल’ला झकास गुण मिळतील, पण जर्मन माणूस विचारेल, नक्की करायचं काय? आणि वाक्यं तोडताना ‘बिकॉज’ गळला, तर आकडा सुधारतो आणि कारणच हरवतं.

शिवाय एकट्या वाक्याचा आकडा फार हलतो. इथे समजावण्यापुरता घेतला. तुम्ही नमस्कार आणि सही वगळून अख्खा मेल मोजा. 8च्या वर गेला, तर सगळ्यात लांब वाक्यापासून सुरुवात करा. मग मेल अशा मित्राला द्या, ज्याला तुमचं काम माहीत नाही. त्याला विचारा: ‘यात काय मागितलंय?’ तो अडखळला, तर आकडा कितीही चांगला असो, मेल अजून तयार नाही.

भेटू पुढच्या भागात!