छात्राध्यापक वर्गात आले, तास कोणाचा?

पावसाळा सुरू झाला की शाळेत बी.एड. कॉलेजचे पत्र येते: 'आमचे दहा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी पाठवत आहोत, सहकार्य करावे.' मुख्याध्यापक 'परवानगी आहे' असा शेरा मारून सही करतात. कागदपत्र बहुतेक ठिकाणी इथेच संपते. मग वर्गात गोंधळ झाला, धडा अर्धवट राहिला की शाळा म्हणते, 'तुमची मुले', आणि कॉलेज म्हणते, 'तुमचा वर्ग'. हे टाळायला दोघांमध्ये सामंजस्य करार हवा. त्यात नेमके काय असावे, ते आज पाहू.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतला काळ वीस आठवड्यांवर गेला. त्यातले चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. पूर्वी सराव पाठ घेऊन पाहुण्यासारखे निघून जाता येत असे. सोळा आठवडे राहणारा माणूस पाहुणा नसतो. त्याला हजेरीपट, घटक चाचणी, पालकसभा, सगळ्यात भाग घ्यायचा असतो, म्हणून त्याचे स्थान आधी ठरवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. शाळेत आठवी-नववीच्या दोन-दोन तुकड्या आहेत आणि विज्ञानाचे चार छात्राध्यापक आले आहेत. प्रत्येक तुकडीला आठवड्याला विज्ञानाचे सहा तास धरले तर एकूण चोवीस होतात. प्रत्येकाने आठवड्याला दोन पाठ घेतले तर आठ तास गेले, म्हणजे एक तृतीयांश. इथवर शाळेला झेपते. कॉलेजने मध्येच 'पाठ कमी भरतायत, तीन-तीन द्या' म्हटले की बारा तास जातात. निम्मा विषय शिकाऊ हातात गेला, की पहिली तक्रार पालकांची येते आणि दुसरी विषयशिक्षकाची. म्हणून करारात नुसता आकडा न लिहिता मर्यादा लिहावी: एका तुकडीत एका विषयाचे एक तृतीयांशाहून जास्त तास छात्राध्यापकांकडे जाणार नाहीत. कॉलेजला जास्त पाठ हवे असतील तर त्याने दुसरी शाळा शोधावी. एका शाळेवर सगळे छात्राध्यापक लादायची सवय त्यामुळे मोडते.

यापुढचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छात्राध्यापक शिकवत असताना वर्ग विषयशिक्षकाचाच राहतो आणि तो शिक्षक मागच्या बाकावर बसलेला असतो. ऐकायला साधे आहे, पण प्रत्यक्षात काय होते? दहा-दहा तरुण शिक्षक हाताशी आलेले पाहून मुख्याध्यापकांना रजेवरच्या शिक्षकांचे तास आठवतात. बदली तासांचे रजिस्टर छात्राध्यापकांच्या नावांनी भरू लागते. भूगोलवाला गणिताच्या वर्गात मुले गप्प बसवतो. असे चालले आहे का, हे ते रजिस्टर चाळून लगेच कळते. करारात सरळ लिहावे की बदली तास देता येणार नाही.

मागच्या बाकावरच्या शिक्षकाचे कामही नेमके हवे. पाठ टाचण दोन दिवस आधी पाहून सही करायची आणि पाठानंतर त्याच दिवशी दहा मिनिटे बोलायचे. कॉलेजचे प्राध्यापक रोज येऊ शकत नाहीत. दहाजणांचे आठवड्याला वीस पाठ होतात, त्यातले त्यांना किती दिसणार? तेव्हा त्यांची फेरी कोणत्या वारी, हे वेळापत्रकात लिहून घ्यावे. 'वेळोवेळी भेट देतील' हे वाक्य करारात आले, की समजावे, कोणी येणार नाही.

मुलांचे फोटो, पाठाचे चित्रीकरण आणि मोबाइल यांवर एक कलम पुरे: मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय काही नाही.

तारखांकडे मात्र नीट पाहा. जुलैच्या सुरुवातीपासून सोळा आठवडे मोजले तर ते ऑक्टोबरअखेरीस संपतात, आणि मध्ये गणेशोत्सव, प्रथम सत्र परीक्षा आणि बहुधा दिवाळीची सुट्टी येते. शिकवण्याचे आठवडे त्यामुळे कमी भरतात. मग छात्राध्यापक शेवटी रोज दोन पाठ कोंबतात किंवा न घेतलेले पाठ वहीत उतरतात. करारासोबत दिनदर्शिका जोडून त्यात कामाचे आठवडे वेगळे रंगवले, की ही ओढाताण जुलैतच दिसते.

आढावा दोन वेळा पुरे. आठव्या आठवड्यात मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि कॉलेजचे प्रतिनिधी यांनी बसावे. समोर तीनच कागद हवेत: झालेल्या पाठांची यादी, बदली तासांचे रजिस्टर आणि प्राध्यापकांच्या फेऱ्यांची नोंद. दुसरा आढावा शेवटच्या आठवड्यात. त्यात प्रत्येक छात्राध्यापक कोणता घटक कुठपर्यंत शिकवला, कोणत्या मुलांना तो समजलेला नाही, हे अर्ध्या पानावर लिहून विषयशिक्षकाकडे देतो.

कराराची मुदत दोन-तीन वर्षांची ठेवावी. कोणालाही तो मोडायचा असेल तर महिन्याची लेखी सूचना द्यावी, पण त्या वेळी शाळेत असलेल्या छात्राध्यापकांचे आठवडे पुरे होईपर्यंत तो लागू राहील, असे लिहावे. सही फक्त मुख्याध्यापकांची नको, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचीही हवी. मुख्याध्यापक निवृत्त होतात, आणि नवीन आलेल्यांच्या फायलीत सचिवांची सही पहिली शोधली जाते.