दोन फोन, एकच क्रम

मैत्रिणींनो, गांडूळखत प्रशिक्षणाचे सचिवताईंचे आणि माझे फोटो एकत्र केले, तर अल्बममध्ये आधी बेडवर पाणी मारलेलं आणि मग बेड भरताना! अहवालाला असे फोटो कसे जोडणार?

माझ्या फोनचं घड्याळ मागे होतं. गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा, काढल्याची वेळ आणि फोनचं मॉडेल दिसतं. दीपप्रज्वलनाचा फोटो आम्ही दोघींनी एकाच क्षणी काढला होता. त्यांच्यात ११:००, माझ्यात १०:३५. फरक २५ मिनिटांचा. मग फक्त माझ्या मॉडेलच्या फोटोंची वेळ तिथेच २५ मिनिटांनी वाढवली. पाण्याचा ११:५५ चा फोटो १२:२० वर गेला आणि बेड भरण्याच्या १२:०५ च्या फोटोमागे बसला. आभाराचे दोघींचे फोटोही जुळले, तेव्हा खात्री पटली.

दोन्ही फोन एकाच मॉडेलचे असतील, तर फोटो आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती निघून जाते. 'Document' म्हणून पाठवा. आणि कार्यक्रम सुरू होताना दोघींनी एकाच भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढा. फरक तिथेच कळेल.