वारा पडला म्हणून दार उघडू नका

चक्रीवादळ कसं तयार होतं, त्याला 26 अंशांहून गरम समुद्र का लागतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. मला बोलायचंय ते वादळाच्या मधोमध येणाऱ्या शांततेबद्दल.

घरातलं जातं आठवा. वरचा दगड गरगर फिरतो, मधला खुंटा मात्र हलत नाही. वादळाचा डोळा म्हणजे हा खुंटा. पण हे जातं एका जागी बसलेलं नसतं. ते फिरता फिरता ताशी 15-20 किलोमीटरनं पुढे सरकतं. आधी त्याची पुढची बाजू आपल्या घरावरून जाते, मग खुंटा येतो आणि सगळं शांत होतं. लोक म्हणतात, सुटलो! अहो, जात्याची अर्धी बाजू अजून यायची आहे!

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ते नैऋत्येकडून आलं, आणि आपल्याकडे हे जातं घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणजे त्याच्या वाटेत अगदी मधोमध सापडलेल्या घरावर आधी आग्नेयेचा, जमिनीकडचा वारा येणार. डोळा सरकला की वायव्येचा, समुद्राकडून येणारा. पहिल्या वाऱ्यानं सैल झालेलं कौल दुसरा वारा उलट्या बाजूनं उचलतो. आणि नेमका त्याच वेळी घरधनी शिडी लावून छपरावर चढलेला असतो!

मग वादळ खरंच गेलं हे ओळखायचं कसं? जाणारं वादळ तासातासानं ओसरत जातं. घोंघावणारा वारा काही मिनिटांत पडला, तर तो डोळा समजा. डोळा 20 किलोमीटर रुंद आणि वादळाची चाल ताशी 20, तर मधोमध असलेल्या गावाला फार तर तासभर शांतता. कडेच्या गावाला त्याहून कमी. हवामान खात्यानं वादळ पुढे गेल्याचं सांगेपर्यंत दार बंद. पुन्हा सांगतो, दार बंद.

त्सुनामीतही हीच फसगत होते. तिचं कारण वेगळं, समुद्रतळाचा भूकंप. पण काही ठिकाणी लाटेआधी पाणी मागे हटतं, खडक उघडे पडतात, मासे तडफडतात, आणि माणसं टोपल्या घेऊन धावतात. पहिली लाट ओसरल्यावर तर सामान आणायला हमखास परततात. दोन लाटांत दहा मिनिटं ते तासाभराचं अंतर असू शकतं आणि पुढची लाट पहिलीहून मोठी असू शकते. हे फक्त पूर्व किनाऱ्याचं दुखणं समजू नका. 1945 साली मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र आता समुद्रतळावरच्या दाबमापकांवरून इशारा देतं. तो मागे घेतल्याचं कळेपर्यंत उंचावरच थांबायचं.