पिंपाचा झेंडा

जव्हारला नोकरी लागलेल्या माझ्या भाचीने परवा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रूम पार्टनर कशी निवडावी, याची त्यात यादी होती. वेळेवर भाडे देणारीला हिरवा झेंडा, रात्री मोठ्याने गाणी लावणारीला लाल. यादी बरी होती, पण तीत पाणी नव्हते!

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. मी मोखाड्याला होतो तेव्हा खोलीत दोघांत २०० लिटरचे एक पिंप होते. पाणी एक दिवसाआड यायचे. म्हणजे माणशी रोज ५० लिटर. पार्टनरने एका रविवारी गोधडी धुतली आणि सोमवारी मी तोंड न धुता कचेरीत गेलो.

म्हणून भाचीला म्हटले, "भाडे सगळ्याच विचारतात. 'पाणी कधी येते, भरायचे कोणी?' असे जी आपणहून विचारील, तिला हिरवा झेंडा. 'होईल हो काहीतरी' म्हणणारीला लाल. तरी नुसत्या बोलण्यावर जाऊ नकोस. पहिला आठवडाभर तिच्या पाळीच्या दिवशी पिंप उघडून बघ."

ती म्हणाली, "मामा, तुझ्या पाळीला पिंप भरलेले असायचे?"

मी चहा मागवला.